अर्ली ॲक्सेस गेमला पैसे भरायचे की थांबायचं?

वैशाली_गंगापूररोड

मुलगा अकरावीत आहे. त्याला स्टीमवरची कर्बल स्पेस प्रोग्राम २ हवी आहे. सेल लागलाय, सवलतही बरी दिसते. पानावर निळ्या चौकटीत `Early Access Game` असं लिहिलंय. मला वाटलं, इतरांच्या आधी खेळायला मिळते म्हणून हे नाव. मग चार महिने थांबलं तर हीच गेम आणखी स्वस्त मिळेल ना? मुलगा म्हणतो, "आई, तसं नसतं गं." पण कसं असतं ते त्यालाही धड सांगता येत नाही. एमजी रोडला एका दुकानात विचारलं, तर "चांगली आहे, घेऊन टाका" एवढंच उत्तर मिळालं. कार्ड माझं आहे, म्हणून जाणकारांना विचारतेय.

तर्री_एक्स्ट्रा

बरोबर समजलात ताई. डिलक्स एडिशन घेतली की तीन-चार दिवस आधी खेळायला मिळते, बाकीच्यांना नंतर. तेच ते. थांबा, काही बिघडत नाही.

गोदाकाठ

तर्रीशेठ, तुम्ही सांगताय ते वेगळं. जास्त पैसे देऊन तयार गेम चार दिवस आधी खेळणं, त्याला स्टीम ॲडव्हान्स्ड ॲक्सेस म्हणतं. तिथे गेम बनून झालेली असते, फक्त दार आधी उघडतं.

अर्ली ॲक्सेसमध्ये गेम बनूनच झालेली नसते. घराच्या भाषेत सांगायचं तर स्लॅब पडलाय, हॉल आणि किचन वापरता येतं, वरचा मजला नकाशात आहे. तुम्ही आज आहे तेवढ्या बांधकामाचे पैसे भरून राहायला जाता. वरचा मजला झाला तर जादा पैसे लागत नाहीत. नाही झाला तरी पैसे परत मिळत नाहीत, कारण स्टीमने ते कधी कबूलच केलेलं नाही. त्याच निळ्या चौकटीत इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं असतं की ही गेम अपुरी आहे, पुढे बदलेल किंवा बदलणारही नाही, आणि आजच्या अवस्थेत खेळावीशी वाटत नसेल तर थांबा. लोक ती ओळ सोडून थेट ट्रेलर बघतात.

आता तुमची गेम. वैशालीताई, ही घेऊ नका. तिचं काम थांबलंय. कारण सविस्तर लिहितो, कारण बाकी गेम कशा तपासायच्या तेही याच उदाहरणातून कळेल.

सिडको_सहावी_स्कीम

दादा ती स्टोअरवर अजून विकायला आहे की. काम बंद असेल तर विकतात कसे?

गोदाकाठ

विकतात. अर्ली ॲक्सेसमधली गेम रखडली म्हणून स्टीम ती आपणहून काढून टाकत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीपासून एवढं केलंय की वर्षभराहून जास्त काळ अपडेट नसेल तर त्या चौकटीत सूचना येते: शेवटचं अपडेट इतक्या महिन्यांपूर्वीचं आहे, खालची माहिती आणि वेळापत्रक जुनं असू शकतं. ही सूचना दिसली की पुढे वाचायची गरज नाही. पण ती यायला बारा महिने जातात, आणि त्या बारा महिन्यांत गेम विकली जातच असते. म्हणून स्वतः बघायला शिकावं लागतं.

कर्बल २ ची हकीकत अशी. २०१९ मध्ये जाहीर झाली, २०२० ला येणार होती, मग तारखा पुढे ढकलत राहिले. शेवटी २४ फेब्रुवारी २०२३ ला आली, तीही अर्ली ॲक्सेसमध्ये, ४९.९९ डॉलरला. म्हणजे जवळजवळ पूर्ण गेमची किंमत. सोबत आराखडा दिला होता, त्यात पाच टप्पे: आधी सायन्स, मग वसाहती, मग दुसऱ्या ताऱ्यांपर्यंतचा प्रवास, मग संसाधनं शोधणं, आणि शेवटी मल्टिप्लेअर. एकाही टप्प्यापुढे तारीख नव्हती.

पहिल्या दिवशी हातात आलं ते एवढंच: रॉकेट जोडा आणि उडवा. सायन्स मोड नाही. वातावरणात परत शिरताना यान तापतं, तेसुद्धा नव्हतं. रॉकेटच्या गेममध्ये! आणि किमान ग्राफिक्स कार्ड मागितलं होतं आरटीएक्स २०६०. किमान. त्यावरून एक गोष्ट तिथेच कळायला हवी होती, की गेम ऑप्टिमाइझ करायचं काम अजून पुष्कळ बाकी आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये सायन्सचा टप्पा आला, तापणंही आलं. रिव्ह्यू सुधारले. मग २०२४ च्या वसंतात स्टुडिओ बंद होणार असल्याची बातमी फुटली, आणि जूननंतर अपडेट नाही. पाचपैकी एक टप्पा पूर्ण.

रूपाली_म

यात माझी थोडी भर. जानेवारी २०२४ मध्ये घेणाऱ्याला दोष कसा देणार? नुकतंच मोठं अपडेट आलेलं, लोक खूश, मागे टेक-टूसारखी बलाढ्य प्रकाशन कंपनी. सगळ्या खुणा चांगल्याच दिसत होत्या.

गोदाकाठ

रूपालीताई, अपडेट चांगलं होतं हे मान्य. पण महिने मोजा. पहिला टप्पा यायला दहा महिने लागले, आणि चार बाकी होते. त्यातला मल्टिप्लेअर सर्वांत अवघड आणि तोच सगळ्यात शेवटी. त्याच गतीने गेले असते तरी आणखी तीन-साडेतीन वर्षं. एवढा वेळ पगार कोण देणार, हा प्रश्न त्या दिवशीही विचारता येत होता.

मोठी कंपनी मागे असली की गेम पूर्ण होतेच, हा समज इथेच फसतो. मोठ्या कंपनीकडे पैसा असतो, तसा हिशेबही असतो. आकडे जुळले नाहीत की प्रकल्प बंद. छोटी टीम उलट त्याच एका गेमवर जगते. फॅक्टोरिओ स्टीमवर २०१६ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये आली, १.०, म्हणजे पूर्ण म्हणून दिलेली आवृत्ती, झाली २०२० ला. छोटी टीम सगळी पूर्ण करते असंही नाही म्हणा, पण नुसत्या नावावर जाऊ नये.

तर्री_एक्स्ट्रा

एवढा खटाटोप कशाला? रिव्ह्यू बघायचे. ऐंशी टक्क्यांच्या वर असेल तर घ्यायची. मी तर तेवढंच बघतो.

शिंगाडा_तलाव

तर्रीशेठ, टक्केवारी सगळ्या आयुष्याची असते हो. तीन वर्षांपूर्वी गेम नवी होती, लोक आशेवर होते, अंगठा वर देऊन गेले. ते अंगठे अजून मोजले जातात. त्याच्या शेजारी जो 'अलीकडचे' म्हणून आकडा असतो तो शेवटच्या तीस दिवसांचा, आधी तो बघा. या दोन आकड्यांत मोठी तफावत असेल तर काहीतरी घडलंय हे नक्की.

आणि दुसरं, रिव्ह्यूंच्या वर फिल्टर असतो, त्यात खेळलेल्या तासांची मर्यादा घालता येते. किमान वीस तास खेळलेल्यांचे नकारात्मक रिव्ह्यू वाचा. तासाभरात कंटाळलेल्या माणसाचा राग आणि ऐंशी तास खेळून वैतागलेल्याचा राग यात फरक असतो. दुसरा माणूस सांगतो की सेव्ह फाईल कुठे फुटते, तिसऱ्या बेटानंतर मजकूर कसा संपतो, कारखाना मोठा झाला की फ्रेम कशा पडतात. ही माहिती ट्रेलरमध्ये नाही मिळायची.

सिडको_सहावी_स्कीम

मला एक सांगा. माझ्या लॅपटॉपला जीटीएक्स १६५० आहे, ४ जीबीवालं. आम्ही चौघं मित्र मिळून एक सर्व्हायव्हल गेम घ्यायचं म्हणतोय, अर्ली ॲक्सेसच आहे. चालेल का?

शिंगाडा_तलाव

गेमचं नाव न सांगता चालेल का कसं सांगणार भावा 😄 कार्डाचं पुढे बघू. आधी एक बघ: ती गेम खेळायला कंपनीचे सर्व्हर लागतात, की चौघांतल्या एकाच्या मशीनवर होस्ट करता येते?

कंपनीच्या सर्व्हरवरच चालणारी असेल तर काम थांबलं की गेमही गेली. द डे बिफोर घे. ७ डिसेंबर २०२३ ला अर्ली ॲक्सेसमध्ये आली, ११ तारखेला स्टुडिओने बंद होत असल्याचं जाहीर केलं, जानेवारीत सर्व्हर उतरवले. चार दिवस! तिथे पैसे सर्वांना परत मिळाले, पण ते अपवादात्मक प्रकरण होतं, त्यावर भिस्त ठेवू नकोस. एकट्याने किंवा स्वतः होस्ट करून खेळता येणारी गेम रखडली तरी आहे तेवढी लायब्ररीत राहते. चौघांचे मिळून पैसे जाणार, म्हणून विचारतोय.

सिडको_सहावी_स्कीम

होस्ट करता येते असं लिहिलंय. पण शेवटचं अपडेट कधीचं हे कसं बघू? न्यूजमध्ये दर महिन्याला काहीतरी पोस्ट असतेच.

गोदाकाठ

आता मुद्द्यावर आलास. न्यूज पोस्ट म्हणजे काम नव्हे. "आमच्या चाहत्यांची सुंदर चित्रं", "सेल सुरू", "आमच्या डिस्कॉर्डवर या" हीसुद्धा न्यूजच. गेमच्या फाईली कधी बदलल्या ते बघायचं असतं.

स्टोअरच्या पत्त्यात `/app/` नंतर जो आकडा येतो तो गेमचा क्रमांक. तो उचल आणि खालच्या पत्त्यात `APPID` च्या जागी घाल:

```
https://steamdb.info/app/APPID/patchnotes/
```

इथे बिल्डची, म्हणजे फाईली बदलून दिलेल्या प्रत्येक आवृत्तीची, यादी तारखांसह दिसते. एक चूक जवळजवळ प्रत्येकजण करतो. त्याच साइटवर गेमच्या मुख्य पानावर वरच्या बाजूला `Last Record Update` म्हणून ओळ आहे. तिथे कालची तारीख असते आणि माणूस खूश होतो. ती तारीख स्टोअरची नोंद बदलल्याची. नुसता टॅग लागला, तरी ती पुढे सरकते. तिच्यावरून गेमबद्दल काहीच कळत नाही.

बिल्डच्या यादीत दोन बिल्डमधलं अंतर बघ. दर तीन-चार आठवड्यांनी काहीतरी येतंय, मधे एखादं मोठं, त्यामागे लगेच दोन-तीन छोटी दुरुस्तीची, हे निरोगी लक्षण. मोठ्या अपडेटनंतर चार दिवसांत हॉटफिक्स, म्हणजे तातडीची छोटी दुरुस्ती, आला म्हणजे लोकांच्या तक्रारी वाचणारं कोणीतरी आहे. आधी महिन्याने, मग तीन महिन्यांनी, मग सात महिन्यांनी असं अंतर ताणत चाललं असेल तर टीममधली माणसं कमी झालेली असू शकतात. मोठं काम आत चालू असेल तरी असं दिसतं. म्हणून तेवढ्यावर निकाल देऊ नकोस. त्या काळातल्या न्यूजमध्ये चालू कामाची ठोस माहिती आहे का बघ. नव्या भागाचा व्हिडिओ, काय अडलं ते, अशी काहीतरी.

रूपाली_म

आणि चौकटीतली उत्तरं? माझ्या मते ती सगळ्यात आधी वाचावीत. तिथे प्रश्न ठरलेले असतात, किती काळ लागेल, पूर्ण गेममध्ये वेगळं काय असेल, आज काय अवस्था आहे, किंमत बदलेल का. `Approximately how long will this game be in Early Access?` च्या खाली "साधारण एक वर्ष" असं असेल, आणि गेम तीन वर्षांपूर्वी आली असेल, तर उत्तर कोणी बदललेलंच नाही. तीन वर्षं ते पान उघडूनही बघितलं नाही त्यांनी.

गोदाकाठ

अगदी. "आज काय अवस्था आहे" या उत्तरात आकडे आहेत का तेही बघा. बारा मोहिमा, तीन नकाशे, साधारण पंधरा तासांचा खेळ असं लिहिलं असेल तर ताडून बघता येतं. बल्डर्स गेट ३ ऑक्टोबर २०२० मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये आली तेव्हा फक्त पहिला अंक होता, आणि तसं सांगूनच विकली. ऑगस्ट २०२३ ला पूर्ण झाली. घेणाऱ्याला काय मिळतंय ते माहीत होतं. नुसतं "विशाल जग, असंख्य शक्यता" असेल तर पुढे जा.

तर्री_एक्स्ट्रा

पण एक मुद्दा माझा खरा आहे, तो तरी माना. १.० झाली की किंमत वाढते. म्हणून आत्ता घेणंच फायद्याचं.

शिंगाडा_तलाव

अर्धा मानला. सॅटिसफॅक्टरीची २०२४ मध्ये १.० च्या आधी ३० वरून ४० डॉलर केली. बल्डर्स गेटची वाढवली नाही. पानावरच्या उत्तरात बहुतेक लिहिलेलं असतं. पण वाढलेली किंमत पुढच्या सेलमध्ये खालीही येते हो. रखडली तर मात्र सगळे पैसे बुडीत, हे त्याच तराजूत घाला.

शिवाय १.० चा शिक्का म्हणजे गेम पूर्ण झाली असंही नाही. स्पेसबेस डीएफ-९ ऑक्टोबर २०१३ ला आली, वर्षभराने ठरलेली बरीचशी कामं सोडून १.० म्हणून मोकळे झाले. निळी चौकट गेली, गेम अर्धीच. म्हणून नुकतीच १.० झालेली गेमसुद्धा बिल्डच्या यादीतून बघावी.

वैशाली_गंगापूररोड

बापरे, बरंच आहे. समजा घेतली आणि नाही आवडली, तर पैसे परत मिळतात ना? मुलगा म्हणतो दोन तास खेळून परत करता येते.

रूपाली_म

मिळतात. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळलेला वेळ दोन तासांपेक्षा कमी. `help.steampowered.com` वर जाऊन खरेदीच्या यादीतून ती गेम निवडायची आणि परताव्याची विनंती टाकायची. पैसे कुठे हवेत ते तिथेच विचारतात. ज्या मार्गाने भरले त्या मार्गाने परत येणं शक्य नसेल तर स्टीम वॉलेटमध्ये येतात, आणि वॉलेटमधले पैसे बँकेत काढता येत नाहीत, त्यातून दुसरी गेमच घ्यावी लागते. यूपीआयने भरणार असाल तर हे लक्षात असू द्या.

धोरणात आणखी एक ओळ आहे: प्रकाशनाच्या आधी घेतलेल्या गेमचे १४ दिवस प्रकाशनाच्या तारखेपासून सुरू होतात. अर्ली ॲक्सेसचं उदाहरण तिथेच दिलंय. म्हणजे दोन तासांच्या आत असाल तर १.० होईपर्यंत कधीही परत करता यायला हवी.

गोदाकाठ

ते उदाहरण फक्त दोन तासांबद्दल आहे, १४ दिवसांबद्दल नाही. तुमचा अर्थ चुकीचा म्हणत नाही, पण त्या भरवशावर दोन महिने थांबू नये. १४ दिवसांतच निर्णय घ्यावा.

रूपाली_म

मला तरी वाक्य सरळ वाचलं की माझाच अर्थ निघतो. असो, आधीच विनंती टाकली तर वाद उरत नाही.

शिंगाडा_तलाव

दोन तास वापरायचे कसे ते सांगतो, कारण बरेचजण ते वाया घालवतात. डाउनलोडचा वेळ मोजत नाहीत, पण गेम उघडली की घड्याळ चालू. मेनू, सेटिंग, पहिल्यांदा शेडर तयार होतात तो वेळ, गेम चालू ठेवून जेवायला गेलात तो वेळ, सगळा धरला जातो. वेगळा लाँचर असेल तर तो उघडा राहिला तरी.

पहिल्या पाऊण तासात शिकवणीचा भाग खेळा. तो सहसा सर्वांत घासून-पुसून ठेवलेला असतो, त्यावरून मत बनवू नका. बांधकामाची किंवा कारखान्याची गेम असेल तर कोणीतरी शेअर केलेली मोठी सेव्ह फाईल उतरवून घ्या, ती लोड करा, आणि गर्दीच्या ठिकाणी कॅमेरा फिरवा. सुरुवातीला ६० फ्रेम देणारी गेम तिथे २० वर आली तर तुमच्या मशीनवर ती गेम तिथेच संपते. मग सेव्ह करा, बाहेर या, पुन्हा उघडा. सेव्ह नीट उघडते का? अर्ध्या बनलेल्या गेमची शिवण इथेच उसवते. एवढं दीड तासात होतं. उरलेला अर्धा तास राखून ठेवा.

सिडकोकर, १६५० चं उत्तरही यातच आहे. अर्ली ॲक्सेसमधल्या गेमची पुढे गती सुधारेल यावर भरवसा ठेवून कार्ड पुरेल असं धरू नकोस. आज चालली तर चालली.

सिडको_सहावी_स्कीम

बघितलं. शेवटची बिल्ड अकरा दिवसांपूर्वीची, त्याआधी महिनाभराने एक, त्याआधी पाच आठवडे. पण वीस तासांवरचे रिव्ह्यू म्हणतायत की प्रत्येक मोठ्या अपडेटला जुनं जग चालत नाही, नव्याने सुरू करावं लागतं.

गोदाकाठ

काम चालू आहे म्हणूनच ते होतंय. जुनं जग टिकवायचं असेल तर लायब्ररीत गेमवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये बीटाचा भाग बघ. काही टीम तिथे आधीची आवृत्ती निवडायला ठेवतात. चौघांनाही तीच निवडावी लागेल, नाहीतर जोडणार नाही. आणि अपडेटच्या आधी सेव्हची प्रत वेगळी काढून ठेव. अनरियल इंजिनची गेम असेल तर बहुतेक इथे सापडेल:

```
%LOCALAPPDATA%
```

आत गेमच्या नावाचा फोल्डर, त्यात `Saved`, त्यात `SaveGames`. युनिटीची असेल तर `AppData` मधल्या `LocalLow` मध्ये बघ.

वैशाली_गंगापूररोड

मुलाला हा धागा वाचायला दिला. कर्बल २ चं भूत उतरलं. आता म्हणतो पहिली कर्बल घेऊया, ती पूर्ण आहे ना?

गोदाकाठ

पूर्ण आहे. गंमत म्हणजे तीसुद्धा अर्ली ॲक्सेसमधूनच आली. मेक्सिकोच्या स्क्वाडने २०११ मध्ये पहिली आवृत्ती दिली, २०१३ ला स्टीमवर आणली, एप्रिल २०१५ मध्ये १.० केली. जीटीएक्स १६५० पेक्षा साध्या कार्डावरही चालते. घ्या.

तर्री_एक्स्ट्रा

ताई, पण बाहेरच्या साइटवर गेमची की, म्हणजे स्टीमवर टाकायचा कोड, अर्ध्या किमतीत मिळते बघा...

रूपाली_म

तर्री! बाहेरून घेतलेल्या कीला स्टीमचा परतावा लागू होत नाही. आत्ता एवढं काय वाचलंत मग?